पगारवाढीतले नेमके किती आपले आणि ते कुठे ठेवावे

प्रश्न : गेल्या चार वर्षांत माझा पगार तीनदा वाढला, पण महिनाअखेरीस शिल्लक राहणारी रक्कम जवळपास तेवढीच राहिली आहे. उधळपट्टी केल्याचे आठवत नाही. आता १५ टक्के वाढीचे पत्र आले आहे. प्रत्यक्ष आकडे देत नाही, पण सध्या हातात येणारा पगार १०० धरला तर ८४ खर्च होतात (त्यात २० कर्जाचा हप्ता) आणि १६ उरतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी नाही, पण अडीअडचणीसाठी वेगळी रक्कमही बाजूला काढलेली नाही. या वेळी वाढ खर्चात विरघळू नये यासाठी नेमके काय करावे?

उत्तर :

तुम्ही आकडे १०० च्या प्रमाणात दिलेत, हे बरे केले. मीही तीच पद्धत ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे आकडे त्यात घालून पाहता येतील. कुटुंबांचे मासिक अंदाजपत्रक बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. ‘उधळपट्टी केली नाही, तरी काही उरले नाही’ हे वाक्य त्या काळात मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मी त्यावर शंका घेत नाही. ते बहुधा खरेच असते. वाढ एखाद्या मोठ्या चुकीत जात नाही. ती कुणीही ‘हा निर्णय आहे’ असे न मानलेल्या पाच-सात लहान बदलांत जाते. म्हणून तुमची खरी अडचण संयमाची नसून क्रमाची आहे. वाढीचे काय करायचे हे ठरण्याआधी ती रोजच्या खर्चाच्या खात्यात येऊन मिसळते, आणि एकदा मिसळली की तिला वेगळे काढणे अवघड होते.

प्रथम ‘१५ टक्के’ हा आकडा बाजूला ठेवा. ही वाढ ढोबळ पगारावरची आहे. समजा तुमचा ढोबळ पगार १२५ आहे आणि कर व कपाती जाऊन १०० हातात येतात. १२५ वर १५ टक्के म्हणजे १८.७५. जिथे कर टप्प्याटप्प्याने आकारला जातो, तिथे या वाढीव रकमेवर तुमच्या उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो. शिवाय निवृत्तीसाठीची कपात पगाराच्या टक्केवारीत असेल तर तीही वाढते. त्यामुळे १८.७५ पैकी १२ च्या आसपास हातात पडले तर आश्चर्य वाटू देऊ नका. (वरच्या टप्प्यात गेल्यामुळे संपूर्ण पगारावर जास्त कर लागतो, हा समज मात्र चुकीचा आहे. जास्त दर फक्त त्या टप्प्यावरच्या रकमेला लागतो.) मी पुढे १२ धरतो. तुम्ही वाढीनंतरची पहिली पगारपावती हाती येईपर्यंत थांबा आणि तिच्यावरचा आकडा घ्या. पहिल्या महिन्यात मागील थकबाकीही मिळाली असेल तर ती वजा करा, नाहीतर एकदाच आलेली रक्कम दरमहाची समजली जाईल.

हे १२ सुद्धा संपूर्णपणे ‘वाढ’ नाहीत. पुढची पगारवाढ येईपर्यंत हाच पगार पुरवायचा आहे, आणि तोवर किमती वाढत राहतील. तुमच्या ८४ पैकी २० हा स्थिर हप्ता आहे, तो महागाईने वाढत नाही (व्याजदर बदलता असेल तर गोष्ट वेगळी). उरलेल्या ६४ च्या किमती वर्षभरात ५ टक्क्यांनी वाढतील असे उदाहरणापुरते मानले, तर वर्षाच्या शेवटी तीच जीवनशैली चालवण्यासाठी दरमहा ३.२ जास्त लागतील. म्हणजे १२ मधले ३.२ किमतींचे, आणि खऱ्या अर्थाने तुमचे ८.८. सुरुवातीच्या महिन्यांत हे ३.२ पूर्ण लागणार नाहीत हे खरे, पण ते मोकळे समजू नका. ते साठू द्या. वर्षातून एकदा येणारा विम्याचा हप्ता किंवा दुरुस्तीचे बिल त्यातून सहज भागते.

मी इतका वेळ या वजाबाकीवर का घालवतो, ते सांगतो. वाढीचे पत्र हातात पडते तेव्हा मनात १५ टक्क्यांचा आकडा बसतो आणि खर्चाचे बेत त्याच आकड्यावर रचले जातात. प्रत्यक्षात मोकळी रक्कम तुमच्या आधीच्या पगाराच्या ८.८ टक्के आहे. १५ डोक्यात ठेवून केवळ निम्मी वाढ खर्च करू असे ठरवणारा माणूसही ७.५ खर्च करतो आणि निम्मी बचत केल्याच्या समाधानात राहतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे १.३ उरलेले असतात.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण ती समजली की पुढचा निर्णय बराच सोपा होतो. खर्च वाढल्याने बचत कमी होते एवढेच आपण पाहतो, पण खर्च वाढला की सुरक्षिततेसाठी लागणारी रक्कमही वाढते. म्हणजे एकच खर्च दोन बाजूंनी ओढतो. तुमच्याच आकड्यांवर पाहू. उत्पन्न थांबले तर सहा महिने घर चालेल एवढी गंगाजळी तुम्हाला शून्यापासून उभी करायची आहे आणि सर्व बचत तिच्यातच टाकायची आहे असे मानू. व्याज सध्या विचारात घेत नाही. वाढीच्या आधी खर्च ८४ आहे, म्हणजे सहा महिन्यांचे ५०४ हवेत. दरमहा १६ टाकले तर साडेएकतीस महिने लागतील. आता संपूर्ण १२ ची वाढ खर्चात गेली असे समजा. खर्च ९६ झाला, बचत १६ च राहिली. गंगाजळी ५७६ हवी आणि तिला ३६ महिने लागतील. पगार वाढला, बचतीच्या रकमेला धक्का लागला नाही, आणि तरीही तुम्ही सुरक्षिततेपासून साडेचार महिने लांब गेलात. याउलट ८.८ पैकी ६ बचतीत गेले आणि २.८ खर्चात, तर खर्च ८४ अधिक ३.२ अधिक २.८ म्हणजे ९० होईल, बचत २२ होईल. गंगाजळी ५४० हवी आणि ती साडेचोवीस महिन्यांत उभी राहील. दोन्ही वाटांत पगार तोच आहे. फरक मात्र जवळपास एक वर्षाचा आहे. तुमच्या आधीच्या तीन वाढींत काय घडले, त्याचेही उत्तर यात आहे. शिल्लक ‘तेवढीच’ राहिली याचा अर्थ तुम्ही जागेवर राहिलात असा नाही, थोडे मागे आलात असा आहे.

मग ६ आणि २.८ ही विभागणी आली कुठून? हे काही शास्त्रीय प्रमाण नाही, दोन मर्यादांच्या मधली ती एक जागा आहे. खालची मर्यादा सहज काढता येते. आज तुम्ही हातात येणाऱ्या पगाराच्या १६ टक्के वाचवता. पगार ११२ झाल्यावर तेच प्रमाण राखायला १७.९ वाचवावे लागतील. म्हणजे वाढीतले १.९ बचतीत टाकले तर तुम्ही फक्त पूर्वीच्या प्रमाणावर टिकता, पुढे सरकत नाही. वरची मर्यादा सर्व ८.८ ची आहे, आणि कागदावर ती सर्वांत उत्तम दिसते. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. ज्यांनी वाढीतले काहीच स्वतःसाठी ठेवले नाही, त्यांपैकी अनेकांनी चार-पाच महिन्यांत बचतीतून रक्कम परत काढली. बढती मिळाली, कामाचा ताण वाढला आणि घरात त्याची काहीच खूण नाही, ही अवस्था फार काळ टिकत नाही, आणि कुटुंबात दोघे असतील तर दोघांपैकी एकाचा धीर आधी सुटतो. म्हणून मोकळ्या रकमेचा साधारण दोनतृतीयांश भाग बचतीला आणि एकतृतीयांश जगण्याला, हे प्रमाण मी सुचवतो. २२ म्हणजे नव्या पगाराच्या सुमारे साडेएकोणीस टक्के. एका वाढीत बचतीचे प्रमाण साडेतीन टक्क्यांनी पुढे गेले तर ती चांगली चाल आहे.

हे प्रमाण परिस्थितीनुसार बदलते. क्रेडिट कार्डाची थकबाकी असती तर मी सर्व ८.८ तिकडेच वळवायला सांगितले असते. महिना ३ टक्के दराने ६० ची थकबाकी असेल तर ती दरमहा ८.८ भरून व्याजासकट सुमारे आठ महिन्यांत संपते, आणि एवढा खात्रीचा परतावा दुसरीकडे कुठेही मिळत नाही. दुसरीकडे, ज्यांचा पगार आजवर मूलभूत गरजांनाच अपुरा पडत होता, ज्यांनी दातांचे उपचार किंवा गळके छप्पर पैशांअभावी पुढे ढकलले आहे, त्यांची वाढ खर्चात गेली तर त्याला मी जीवनशैलीचा फुगवटा म्हणणार नाही. ते जुने देणे आहे. फक्त ते देणे फिटले की तीच रक्कम बचतीकडे वळेल, याची तारीख आधीच ठरवून ठेवावी. तुमची वाढ नोकरी बदलल्यामुळे मिळत असेल तर आणखी एक वजाबाकी करा. जुन्या ठिकाणी मालकाकडून मिळणारा आरोग्यविमा, जाण्या-येण्याची सोय किंवा जेवण आता खिशातून करावे लागत असेल, तर ते १२ मधून आधीच वजा होते. आणि वाढीचा काही भाग कामगिरीवर अवलंबून, वर्षाअखेरीस मिळणारा असेल, तर तो या हिशेबात अजिबात धरू नका. मिळाला नाही म्हणून खर्च थांबत नसतो.

प्रमाण ठरल्यावर खरा प्रश्न येतो तो हे ६ नेमके कधी आणि कसे बाजूला काढायचे हा. यासंबंधी एक प्रयोग माहीत असण्याजोगा आहे. रिचर्ड थेलर आणि शलोमो बेनार्त्झी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि थेलर यांना पुढे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांना एका सल्लागाराने निवृत्तियोजनेतली बचत ताबडतोब वाढवायला सांगितले. ज्यांनी ‘आत्ता परवडत नाही’ म्हणून नकार दिला, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवला गेला : आज काहीच वाढवू नका, पण पुढच्या प्रत्येक पगारवाढीच्या वेळी बचतीचा दर आपोआप ३ टक्क्यांनी वाढेल, आणि नको वाटल्यास केव्हाही बाहेर पडता येईल, याला आज संमती द्या. ज्यांना हा पर्याय दिला गेला त्यांपैकी ७८ टक्के लोक त्यात आले, आणि आलेल्यांपैकी ८० टक्के लोक चौथ्या वाढीपर्यंत टिकले. त्यांचा बचतीचा दर ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला. मला यातली सर्वांत बोलकी बाब वाटते ती दुसरीच. ज्यांनी सल्लागाराचे सुरुवातीलाच ऐकले, ते शहाणे लोक एकदाच ९ टक्क्यांच्या आसपास गेले आणि तिथेच थांबले. ‘परवडत नाही’ म्हणणारे त्यांच्या पुढे निघून गेले.

हे का घडले, ते तुमच्याही उपयोगाचे आहे. पगारवाढीच्या क्षणी बचत वाढवली तर हातात येणारी रक्कम कमी होत नाही, ती फक्त कमी प्रमाणात वाढते. तोटा झाल्याची जाणीवच होत नाही. तीच बचत तीन महिन्यांनी सुरू केली तर मात्र अंगवळणी पडलेला खर्च कापावा लागतो, आणि ते टोचते. १९४९ मध्ये जेम्स ड्यूझेनबेरी या अर्थशास्त्रज्ञाने हेच घरगुती खर्चाबाबत मांडले होते. उत्पन्नाबरोबर खर्च वर चढतो, पण उत्पन्न घसरले तरी त्याच वेगाने खाली उतरत नाही, एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकासारखा. म्हणून वाढीव पगार पहिल्यांदा जमा होण्याआधी बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा, की पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी २२ वेगळ्या खात्यात जातील. ते खाते रोजच्या व्यवहारांचे नसावे, त्याचे कार्ड पाकिटात नसावे, आणि शक्य असल्यास ते दुसऱ्या बँकेत असावे. महिनाअखेरीस ‘उरेल ते टाकू’ ही पद्धत तुम्ही चार वर्षे वापरून पाहिली आहे.

या २२ चे पुढे काय करायचे, हा स्वतंत्र विषय आहे. तुमच्या बाबतीत आधी गंगाजळी पूर्ण करावी, कारण ती नसताना केलेली गुंतवणूक पहिल्याच अडचणीत चुकीच्या वेळी मोडावी लागते. त्यानंतर कर्जाचा व्याजदर पाहून जादा हप्ते भरावेत की दीर्घ मुदतीची गुंतवणूक करावी, ते ठरवावे.

आता उरलेल्या २.८ कडे वळतो. लोकांना वाटते की बचतीचा भाग बाजूला काढला की काम झाले आणि उरलेल्याचे काहीही करावे. माझ्या पाहण्यात घसरण इथेच होते, कारण २.८ कशावर खर्च होतात त्यावर ते २.८ राहतील की ५ होतील हे ठरते. मी खर्चाची एकच विभागणी विचारतो : हा खर्च मला पुढच्या महिन्यात, कुणाची परवानगी न घेता आणि दंड न भरता थांबवता येईल का? येत असेल तर तो सुटा खर्च. येत नसेल तर तो बांधील खर्च. बाहेर जेवणे, सहल, छंद, घरकामाला मदत हे बहुतांशी सुटे असतात. मोठे घर, नवे वाहन, महागडी शाळा आणि कोणताही हप्ता हे बांधील असतात. पगारवाढीतून सुटा खर्च वाढवल्यामुळे अडचणीत आलेले कुटुंब मला क्वचितच भेटले आहे.

हप्त्याचेच पाहा. तुमचे उत्पन्न वाढले की कर्ज देणाऱ्यांच्या हिशेबात तुमची पात्रताही वाढते आणि ‘तुम्हाला एवढे कर्ज मंजूर होऊ शकते’ असे निरोप येऊ लागतात. दरमहा २.८ चा हप्ता आपल्या ठरलेल्या चौकटीत बसतो, म्हणून तो परवडणारा वाटतो. पण साठ महिन्यांचा तो हप्ता म्हणजे १६८, म्हणजे तुमच्या नव्या पगाराचे दीड महिने, आणि पाच वर्षे ही वाढ तुमची राहत नाही. त्यातून वाहन घेतले तर विमा, इंधन, देखभाल आणि ते उभे करण्याची जागा धरून आणखी १.५ सहज लागतात, म्हणजे एकूण ४.३. चौकट पहिल्याच महिन्यात मोडली. बांधील खर्चाचा विचार करताना म्हणूनच केवळ त्याची किंमत पाहू नये. त्याच्या मागून येणाऱ्या खर्चांची पिल्लेही मोजावीत.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचे उदाहरण सांगतो, ओळख पटणार नाही अशा बेताने. त्यांचीही मोकळी वाढ जवळपास ९ होती. त्यांनी कामाजवळ थोडे मोठे घर भाड्याने घेतले. भाडे ४ ने वाढले, आणि उरलेले ५ बचतीत टाकायचे असे ठरले. निर्णय उतावळा नव्हता, जाण्या-येण्यातला वेळ खरोखरच वाचणार होता. आठ महिन्यांनी आम्ही हिशेब मांडला तेव्हा घरामुळे वाढलेला खर्च ७.५ निघाला. जास्तीच्या खोलीसाठी हप्त्यांवर घेतलेले सामान, वाढलेले वीजबिल, घरकामाचे वाढीव पैसे, आणि आजूबाजूच्या घरांतल्या मुलांबरोबर आपल्याही मुलांना लावलेले दोन वर्ग. यातली एकही गोष्ट वावगी नव्हती. त्यांनी घर सोडले नाही आणि मीही तसे सुचवले नाही. फक्त त्या वाढीतून बचतीला ५ मिळणार नाहीत, १.५ मिळतील, हे त्यांना आठ महिन्यांनी न कळता घर घेण्याआधी कळायला हवे होते. म्हणून आता मी सांगतो, की कोणताही बांधील खर्च स्वीकारण्याआधी तीन महिने तो ‘करून पाहा’. घराचे भाडे ४ ने वाढणार असेल तर तीन महिने ४ अधिक पिल्लांचे अंदाजे ३, असे ७ दरमहा वेगळ्या खात्यात टाका. जमले तर घर घ्या, आणि सामानासाठी २१ हातात असतील. जमले नाही तर काहीच बिघडलेले नाही.

माझे स्वतःचे २.८ मी नेहमी एकाच, फार तर दोन ठिकाणी खर्च करतो. दहा ठिकाणी थोडे थोडे वाटले की आनंद कुठेच जाणवत नाही, पण खर्च मात्र पूर्ण होतो. दोन मासिक वर्गण्या, जरा महागडा मोबाइल, जरा वरच्या दर्जाचे कपडे, अशा विखुरलेल्या वाढींना सहा महिन्यांनी कुणी ‘पगारवाढीतून मिळालेले’ म्हणून ओळखतही नाही. त्याऐवजी ‘ही वाढ आपण घरकामाच्या मदतीसाठी वापरत आहोत’ असे घरात स्पष्ट बोलून ठरवले, तर बाकीच्या मागण्यांना उत्तर देणेही सोपे जाते. घरातल्या सर्वांना १५ नव्हे, २.८ हा आकडा सांगा.

शेवटचा टप्पा तपासणीचा. तो बहुतेक लोक गाळतात आणि मग स्थायी सूचना सुरू असतानाही वाढ नाहीशी होते. थेलर आणि बेनार्त्झी यांनी मोजली ती त्या निवृत्तियोजनेतली बचत. घरात दुसरीकडे काय चालले होते, ते त्या आकड्यांतून दिसत नाही. तुमच्याकडेही तसेच होऊ शकते. एका खात्यात २२ नियमाने जमा होत राहतील, आणि दुसऱ्या बाजूने चालू खात्याची शिल्लक घटत जाईल किंवा कार्डाचे देणे वाढत जाईल.

हे पकडायला रोजचा खर्च लिहून ठेवण्याची गरज नाही. दर तीन महिन्यांनी अर्धा तास पुरतो. तीन महिन्यांत हातात आलेला पगार घ्या, तो ३३६ असेल. त्यातून बचत खात्यात गेलेले ६६ वजा करा, २७० उरतात. आता व्यवहाराच्या खात्याची शिल्लक तीन महिन्यांपूर्वी किती होती आणि आज किती आहे ते पाहा. समजा ती ९ ने घटली आहे, तर ते ९ मिळवा, कारण तेही खर्च झालेले आहेत. कार्डाचे भरायचे देणे तीन महिन्यांपूर्वीपेक्षा ६ ने वाढले असेल तर तेही मिळवा. बेरीज २८५ येते, म्हणजे दरमहा खर्च ९५. तुमची मर्यादा ९० ची होती. बचत खात्यात दरमहा २२ जात असल्याचे दिसत असले तरी खरी बचत ११२ वजा ९५ म्हणजे १७ आहे. आधीच्या १६ पेक्षा ती फक्त एकाने जास्त आहे, आणि नव्या पगाराच्या प्रमाणात पाहिले तर १६ टक्क्यांवरून १५ वर आलेली आहे. (एखाद्या तिमाहीत वार्षिक विमा किंवा फी भरली असेल तर एवढ्याने घाबरू नका. ती रक्कम वर्षभरावर वाटून पाहा.)

फरक आढळला तर बचतीची रक्कम लगेच कमी करू नका. आधी बांधील खर्चांची यादी तीन महिन्यांपूर्वीच्या यादीशी ताडून पाहा. नवी नोंद बहुधा तिथेच सापडते, कारण सुट्या खर्चातला चढउतार एका तिमाहीत आपोआप निवळतो आणि बांधील खर्चातला निवळत नाही. नवी नोंद सापडली आणि ती हवीशीच असेल, तर तिला २.८ मध्ये जागा द्या आणि त्यातले दुसरे काहीतरी काढा. सलग दोन तिमाही ९० च्या मर्यादेत बसत नसेल आणि यादीतही काही नवे नसेल, तर मूळ ८४ चा तुमचा अंदाजच कमी होता असे समजा. तसे असेल तर २२ ऐवजी २० ची स्थायी सूचना प्रामाणिकपणे चालवणे, हे २२ टाकून २ परत काढण्यापेक्षा बरे.

तुमच्याकडे पत्र आले आहे, पण वाढीव पगार अजून जमा झालेला दिसत नाही. त्यामुळे या आठवड्यात तीन कामे करा. वेतन विभागाकडून वाढीनंतर नेमके किती हातात येतील तो आकडा मागवा. त्यावरून मी वर केली तशी वजाबाकी करून तुमचे ‘८.८’ काढा. आणि त्याच्या दोनतृतीयांशाएवढी वाढ असलेली स्थायी सूचना, पहिला वाढीव पगार येण्याच्या आधीच, बँकेत नोंदवून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वाढीसाठीचे पत्र येईल तेव्हा मोकळी रक्कम पुन्हा नव्याने काढावी लागेल. आणि गंगाजळी पूर्ण होईल तेव्हा जास्त सावध राहा. त्या महिन्यात दरमहा २२ अचानक मोकळे झाल्यासारखे वाटतात, आणि पगारवाढ नसतानाही नेमकी हीच कहाणी पुन्हा सुरू होते.